तेलकट कपाळावर बर्नचा हलका हात

मे महिन्यातलं लग्न, दुपारचा मुहूर्त, कार्यालयात खचाखच गर्दी आणि कॅमेऱ्यावर बसवलेला, थेट समोर मारा करणारा फ्लॅश. अशा फोटोंत नवरदेवाचं कपाळ, नवरीच्या गालांचे उंचवटे आणि दोघांच्या नाकाचे शेंडे पांढरट चकाकतात. लग्नात समोर उभं राहून पाहताना ही चकाकी कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण माणूस हलत असतो, आपण हलत असतो आणि चमक जागा बदलत राहते. फोटोत ती एका जागी थांबते, आणि पाहणाऱ्याची नजर डोळ्यांकडे जाण्याआधी कपाळावर जाते.

मग फाइल अल्बम करणाऱ्याकडे येते. वेळ कमी, फोटो शेकड्यांनी. तो चेहऱ्यावर ब्लर मारतो किंवा ‘स्किन स्मूथ’चं एखादं तयार बटण दाबतो. क्षणभर तेल गेल्यासारखं वाटतं. नीट पाहिलं तर चमक जिथल्या तिथे असते. गेलेली असते ती कातडी. रोमछिद्रं, कपाळावरच्या बारीक आठ्या, गालावरची लव, लहानपणी पडल्याची खूण हे सगळं पुसलं जातं आणि मागे एक गुळगुळीत, दुधट पांढरा डाग उरतो. फोटो टचिंगच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि या एका सवयीने चेहऱ्यांचं जितकं नुकसान झालेलं पाहिलं, तितकं दुसऱ्या कशानेही झालेलं पाहिलं नाही. यावरचा उपाय जुना आहे, सोपा आहे आणि त्याला महागडं काहीही लागत नाही. त्याचं नाव डॉज आणि बर्न. पण तो का चालतो हे कळायला आधी ही चमक म्हणजे काय ते पाहावं लागतं.

त्वचेवरून कॅमेऱ्यात येणारा प्रकाश दोन वाटांनी येतो. पहिली वाट आतली. प्रकाश त्वचेत शिरतो, आतल्या थरांत इकडेतिकडे विखुरतो, मेलॅनिन आणि रक्त त्यातला काही भाग शोषून घेतात, आणि उरलेला रंगीत होऊन बाहेर पडतो. आपण त्वचेचा रंग म्हणतो तो हाच. दुसरी वाट वरच्या वरची. काही प्रकाश आत न शिरता पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो. त्वचेतून तो गेलेलाच नसल्यामुळे त्याला त्वचेचा रंग लागत नाही, तो दिव्याच्याच रंगाचा राहतो. फ्लॅश पांढरा असेल तर तोही पांढरा. सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण चारेक टक्केच असा परततो, पण तो सगळा एकाच दिशेने परतला तर तेवढाही डोळ्यांत भरायला पुरतो.

कोरडी त्वचा अगदी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असते, त्यामुळे हा परतणारा प्रकाश चहूकडे पांगतो आणि जाणवत नाही. त्वचेतून पाझरणारं तेल आणि घाम तो खडबडीतपणा भरून काढतात. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश पांगत नाही, एकवटतो. कपाळ, नाक आणि हनुवटीवर तेलाच्या ग्रंथी दाट असतात म्हणून तिथे चमक आधी येते. गालांवर ग्रंथी तुलनेने विरळ, पण हाडाचा उंचवटा फ्लॅशसमोर येतो म्हणून तिथेही ती दिसते. कपाळावरच्या त्या पांढऱ्या डागाचा आकार आणि कडा पाहिल्या तर दिवा केवढा होता तेही सांगता येतं: लहान फ्लॅशचा डाग लहान आणि झगझगीत असतो, मोठ्या सॉफ्टबॉक्सचा पसरट आणि फिका. फेस पावडर लावल्यावर चमक जाते ती याच कारणाने. पावडर त्वचेला पुन्हा खडबडीत करते.

म्हणजे चकाकीच्या जागी दोन दोष आहेत. तिथे उजेड जास्त आहे, आणि रंग कमी आहे. पोत, म्हणजे रोमछिद्रं आणि बारीक रेषा, यांत काही दोष नाही. डाग पूर्ण पांढराफट झालेला नसेल तर मोठं करून पाहिल्यावर त्या चमकेतही छिद्रं स्पष्ट दिसतात. ब्लर नेमका उलटा वागतो. जे ठीक आहे त्यावर तो हात टाकतो आणि जे चुकलं आहे त्याला शिवतही नाही.

हे आकड्यांत पाहिलं की लगेच पटतं. समजा २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने जवळून काढलेला चेहरा आहे. कपाळावरचा चमकता पट्टा ३०० पिक्सेल रुंद आहे, आणि एकेक रोमछिद्र ५ ते ८ पिक्सेलचं. ब्लर म्हणजे प्रत्येक पिक्सेलची त्याच्या शेजाऱ्यांशी सरासरी. शेजार किती लांबपर्यंत धरायचा हे त्रिज्या ठरवते. त्रिज्या ८ पिक्सेल ठेवली तर छिद्रं सरासरीत विरघळून जातात, पण ३०० पिक्सेलच्या पट्ट्याच्या मध्यभागी प्रत्येक पिक्सेलचे शेजारीही तितकेच पांढरे असल्यामुळे सरासरी पांढरीच येते. पट्टा हलत नाही. तो विरघळवायचा तर त्रिज्या शंभर-दीडशेपर्यंत न्यावी लागेल, आणि तोवर भुवया, केसांची कड आणि कपाळावरचं कुंकू एकमेकांत कालवलेलं असेल. मधली कुठलीही त्रिज्या घ्या, पोत आधी जातो आणि चमक नंतर. म्हणून ब्लरने चकाकी कमी करता येते का, या प्रश्नाचं उत्तर हाताच्या कौशल्यावर अवलंबून नाही. ती त्या गणितातच बसत नाही.

इथे कुणी जाणकार फ्रीक्वेन्सी सेपरेशनचं नाव काढेल. त्यात पोताचा थर आणि उजेड-रंगाचा थर वेगळे काढतात आणि खालच्याच थरावर ब्लर चालवतात. साध्या ब्लरपेक्षा ती पद्धत पुष्कळ बरी, छिद्रं टिकतात. पण खालच्या थरातही चमकेचा उजेड कमी होत नाही, नुसता बाजूला सरकतो. भुवईच्या वर किंवा केसांच्या कडेशी तो भलत्याच ठिकाणी फिकट धूर पसरल्यासारखा दिसतो. तेलकट कपाळासाठी मी ती वापरत नाही.

बर्नचं मूळ डार्करूममध्ये आहे. निगेटिव्हवरून एन्लार्जरखाली ब्रोमाइड पेपरवर प्रिंट काढताना कागदावर जितका जास्त उजेड पडेल तितका तो काळा होतो. कपाळाची चमक निगेटिव्हवर दाट काळी असते, तिच्यातून कमी उजेड कागदावर पोचतो आणि प्रिंटमध्ये कपाळ पांढरं येतं. मग पूर्ण चित्राला १० सेकंद उजेड दिला असेल तर नंतर पुठ्ठ्याला भोक पाडून, किंवा दोन्ही हातांच्या बोटांची फट करून, फक्त कपाळाला आणखी ३-४ सेकंद उजेड द्यायचा. हा बर्न. उलट एखादी जागा फार काळी येत असेल तर तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरून तिथला उजेड काही सेकंद अडवायचा. हा डॉज. हात किंवा चकती सतत हलती ठेवायची, नाहीतर कागदावर तिची कड उमटते. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाच्या १९४१ सालच्या प्रसिद्ध फोटोचं आकाश प्रिंटमध्ये असंच बर्न करत गडद केलेलं आहे. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. त्यात आजही डॉजचं चिन्ह काठीला लावलेली चकती आहे आणि बर्नचं चिन्ह वळवलेला हात. या क्रियेत कुठेही सरासरी नाही. जागच्या जागी उजेड वाढतो किंवा कमी होतो. छिद्राची कड जिथे होती तिथेच राहते.

आता एक फोटो हातात घेऊ. नवरदेव, फेटा, कपाळावर मुंडावळ्या, मधोमध कुंकवाचा टिळा. समोरून फ्लॅश. टिळ्याच्या दोन्ही बाजूंना आणि डाव्या गालाच्या हाडावर चमक आहे. फाइल रॉ असेल तर पहिलं काम तिथेच. Highlights ची पट्टी ३०-४० ने खाली आणायची. याने चमक जाणार नाही, पण पांढऱ्यात दडलेला पोत जितका मिळण्यासारखा असेल तितका मिळतो. मग फोटोशॉपमध्ये आल्यावर रंग मोजायचे. ड्रॉपरचं माप 5 by 5 Average ठेवलं तर एखाद्या सुट्या पिक्सेलमुळे फसगत होत नाही. या फोटोत चमकेच्या जागी लाल २३६, हिरवा २२२, निळा २१२ असे आकडे मिळाले. कानशिलाजवळच्या न चमकणाऱ्या त्वचेचे १८८, १४०, ११२. डोळ्याला जाणवणारा उजेड काढला तर चमक साधारण २२५ आणि त्वचा १५१. शिवाय त्वचेत लाल आणि निळ्यातलं अंतर ७६ आहे, चमकेत फक्त २४. जास्तीचा उजेड आणि हरवलेला रंग, दोन्ही या आकड्यांत दिसतात.

फोटोशॉपमधलं बर्नचं टूल थेट फोटोवर फिरवू नये. ते मूळ पिक्सेलच बदलतं, आणि नंतर पन्नास हातांपैकी तिसरा हात जास्त झाला होता हे कळलं तर फक्त तेवढाच मागे घेता येत नाही. त्याऐवजी वर एक Curves लेयर टाकायचा. बहुतेक धड्यांत रेषेचा मधला बिंदू खाली ओढायला सांगतात. इतर ठिकाणी ते ठीक आहे, पण चकाकीसाठी नाही, कारण रेषेचं वरचं टोक तिथेच अडकून राहतं. २३६ चा आकडा जेमतेम हलतो आणि रेषेचा वरचा भाग जास्त चढा होऊन चमकेतले बारीक ठिपके आणखीच टोचू लागतात. चमकेसाठी रेषेचं वरचं उजवं टोकच सरळ खाली आणायचं, २५५ वरून २०० वर. रेषा सरळच राहते, त्यामुळे सगळे आकडे एकाच प्रमाणात कमी होतात, आणि छिद्राचा खड्डा व त्याची उजळ कड यांच्यातलं प्रमाण बदलत नाही. पोत टिकतो तो इथे.

साहजिकच आत्ता पूर्ण फोटो काळवंडलेला दिसेल. लेयरचा मास्क निवडून Ctrl+I दाबलं की मास्क काळा होतो आणि बर्न झाकला जातो. आता पांढरा ब्रश घ्यायचा. कड पूर्ण मऊ, म्हणजे Hardness शून्य. Opacity १०० असू दे, पण Flow ३ ते ५ टक्के. ब्रशचा आकार डागाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा किंवा थोडा मोठा. इथे ३०० पिक्सेलच्या पट्ट्याला १२०. सुरुवात डागाच्या सर्वांत उजळ भागावरून करायची आणि बाहेर सरकत जाताना हात कमी करत न्यायचे. कडेवर तर एकदाच, तेही ओझरता. एका हातात काही दिसलं नाही पाहिजे. पाचव्या-सहाव्या हाताला डाग मवाळ होतोय असं वाटायला लागलं तर वेग बरोबर आहे. पहिल्याच हातात फरक दिसला तर Flow जास्त आहे. हे सगळं फोटो ३३ किंवा ५० टक्क्यांवर ठेवून करायचं. १०० टक्क्यांवर नाक पडद्याला लागल्यासारखं काम केलं की छिद्रं दिसतात, पण कपाळाचा आकार दिसत नाही, आणि चकाकी हा आकाराचा प्रश्न आहे.

मुंडावळ्यांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. त्यांच्या मोत्यांवर स्वतःची बारीक चमक असते आणि ती हवीच असते. बर्न मोत्यांवर गेला तर मोती मळकट दिसतात. कपाळाचं काम झालं की X दाबून ब्रश काळा करायचा, आकार मोत्याएवढा करायचा आणि मास्कवर माळेच्या रेषेवरून फिरून मोती मोकळे करायचे. ब्लर केलेल्या फोटोत हेच मोती त्वचेत वितळलेले दिसतात. मी दुसऱ्याचं काम तपासताना आधी तिथेच पाहतो.

कपाळाचा मध्यभाग पूर्ण बर्न झाला तेव्हा आकडे आले १८५, १७४, १६६. जाणवणारा उजेड २२५ वरून १७६ वर. शेजारच्या त्वचेच्या १५१ पेक्षा तो अजूनही जास्त आहे, आणि तो तसाच ठेवायचा. कपाळ गोल आहे हे आपल्याला त्या उजेडामुळेच कळतं. चमक १५१ पर्यंत उतरवली तर कपाळ सपाट होतं, चेहरा रुंद वाटतो आणि काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही. किती ठेवायची याला सूत्र नाही. मी साधारण अर्ध्याहून थोडा जास्त फरक कमी करतो आणि थांबतो. उन्हात काढलेल्या फोटोत त्याहून कमी, कारण तिथे उजेडाची दिशा सगळ्या चित्रात दिसत असते आणि फक्त कपाळच निस्तेज केलं तर ते खोटं पडतं.

डॉजचं काम त्यापेक्षा थोडं आहे, पण वगळू नये. चमक खटकते ती तिच्या शेजारच्या गडद भागामुळेही. गालाच्या हाडावरचा डाग आणि त्याच्या खालची सावली यांत फार अंतर असेल तर डाग आणखी जळता दिसतो. दुसरा Curves लेयर टाकून रेषेचा मध्य किंचित वर, १२८ वरून १४० पर्यंत, उचलायचा, मास्क काळा करायचा आणि डाग जिथे संपतो त्या गडद कडेवर दोन-चार हलके हात द्यायचे. असं केल्यावर बर्न कमी लागतो. इथे मात्र मनावर ताबा पाहिजे. डॉजचा ब्रश हातात आला की सगळा चेहराच उजळ करण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडे तशी मागणीही होते. चमक उतरवणं आणि माणसाला गोरं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं मी करत नाही.

आता रंग. बर्न झालेल्या जागेचे १८५, १७४, १६६ हे आकडे पुन्हा पाहा. लाल-निळ्यातलं अंतर १९ वर आलं. उजेड उतरला, पण तो उजेड मुळात फ्लॅशचा पांढरा होता, त्यामुळे उतरल्यावर राखाडी झाला. बर्न शिकणारे नव्वद टक्के लोक इथे अडकतात. कपाळावर भस्म फासल्यासारखं दिसतं, आणि मग ‘बर्नने घाण होते’ असं म्हणून ते परत ब्लरकडे जातात. उपाय पाच मिनिटांचा आहे. सगळ्यांत वर एक रिकामा लेयर, त्याचा मोड Color. Alt दाबून कानशिलाजवळच्या त्वचेचा रंग उचलायचा, मऊ ब्रश, Flow ५ टक्के, आणि फक्त राखाडी भागावर फिरवायचा. Color मोड खालचा उजेड आणि पोत तसेच ठेवून नुसता रंग देतो. लेयरची Opacity ५० टक्क्यांवर आणल्यावर आकडे साधारण १९९, १७०, १५१ झाले. लाल-निळ्यातलं अंतर ४८. शेजारच्या ७६ इतकं ते नेऊ नये, कारण थोडी चमक ठेवली आहे आणि चमकेत रंग थोडा कमीच असतो. रंग कानशिलावरून किंवा त्याच कपाळाच्या कडेवरून घ्यावा, गालावरून नाही. गालात रक्ताचा लालसरपणा जास्त असतो आणि कपाळ तापल्यासारखं दिसतं. टिळ्यावर हा ब्रश जाऊ द्यायचा नाही. कुंकू तांबूस-तपकिरी दिसायला लागलं तर तो गेलेला आहे असं समजावं.

काम झालं की तपासणी. बर्न, डॉज आणि रंग या तीन लेयरचा एक ग्रुप करून त्याचा डोळा उघड-मीट करायचा. पूर्वीचा आणि आताचा चेहरा एकाच माणसाचा वाटला पाहिजे, फक्त नजर आता डोळ्यांवर गेली पाहिजे. त्याहून कडक परीक्षा म्हणजे वर तात्पुरता Black & White लेयर टाकणं. रंग निघून गेला की उजेडाचे ठिगळ लगेच दिसतात: डागाभोवती गडद कडं उमटलंय का, ब्रश एकाच जागी रेंगाळल्याने काळसर ढग झालाय का. कडं दिसलं तर ब्रश डागापेक्षा मोठा होता किंवा कडेवर हात जास्त झाले. मास्कवर तेवढ्याच जागी काळा ब्रश हलका फिरवला की सुधारतं. Flip Canvas Horizontal ने चित्र उलटं करून पाहिलं तर डोळ्याची सवय मोडते आणि चुका आपोआप समोर येतात.

सावळ्या त्वचेबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण बहुतेक धडे गोऱ्या चेहऱ्यांवर केलेले असतात. वरच्या वर परतणारा प्रकाश त्वचेच्या रंगावर अवलंबून नसतो. गोऱ्या आणि सावळ्या दोन्ही कपाळांवर तो सारखाच. पण आतून येणारा प्रकाश सावळ्या त्वचेत कमी असतो. म्हणून तेवढीच चमक तिथे जास्त उठून दिसते आणि बर्नही जास्त लागेल असं वाटतं. होतं उलट. सावळ्या चेहऱ्याचा आकार, हाडांची ठेवण, तुकतुकी, हे सगळं त्या चमकेतूनच दिसत असतं. ती काढून घेतली की चेहरा मंद पडतो. तिथे मी डागाचा फक्त सर्वांत पांढरा गाभा बर्न करतो, पसरलेली मंद चमक तशीच ठेवतो, आणि रंगाचा लेयर मात्र नेटाने करतो, कारण राखाडीपणा सावळ्या त्वचेवर आधी दिसतो.

बर्नची मर्यादा पांढऱ्याफट जागी येते. तिन्ही आकडे २५५ असतील तर कॅमेऱ्याने तिथे काहीही नोंदवलेलं नाही. वरचा Curves त्याचं २०० चं सपाट राखाडी करेल, त्यात छिद्र येणार नाही. पुष्कळ जण बर्नसाठी ५० टक्के राखाडीचा Soft Light लेयर वापरतात. जिंप वापरणाऱ्यांनाही तो सोयीचा पडतो. तो चांगला आहे, पण त्याच्या गणितात २५५ चं उत्तर नेहमी २५५ च येतं. कितीही काळं फासा, पूर्ण पांढरा पिक्सेल तसाच राहतो आणि त्याच्या भोवतीचं मात्र काळवंडत जातं. असं होताना दिसलं तर ती जागा जळलेली आहे. कधी फक्त लालच २५५ ला टेकलेला असतो, पिवळ्या दिव्यांत हे हमखास होतं. तेव्हा हिरव्या-निळ्यात पोत शिल्लक असतो आणि बर्न चालतो. तिन्ही गेले असतील तर पोत शेजारून आणावा लागतो. Clone Stamp चा मोड Darken, Opacity २० टक्के, आणि कपाळाच्या चमक नसलेल्या भागावरून नमुना घेऊन दोन-तीन वेळा. Darken मुळे फक्त नमुन्यापेक्षा उजळ पिक्सेलच बदलतात. जागा लहान असेल, नखाएवढी, तर हे जमतं. अर्धं कपाळ जळलेलं असेल तर जमत नाही, आणि अशा वेळी थोडी चमक ठेवलेला खरा फोटो मी देतो.

एका चेहऱ्याला हे सगळं करायला सराव झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं लागतात. पूर्ण अल्बमला हे परवडत नाही, हे खरं आहे. १२ बाय ३६ इंची पानावर जे चेहरे मोठे छापायचे आहेत, नवरा-नवरीचे, आईवडिलांचे, करवलीचे, त्यांच्यावरच एवढा हात फिरवावा. पंगतीतल्या आणि ग्रुप फोटोंतल्या चेहऱ्यांना लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमधला ब्रश पुरतो: Highlights ३० ने खाली, Exposure पाव स्टॉप खाली, Temp किंचित उबदार, कड मऊ, आणि कपाळ-गालांवर एक-दोन हात. एकाच उजेडात काढलेल्या फोटोंना तीच सेटिंग पुढे लावता येते, फक्त ब्रशची जागा प्रत्येक वेळी सरकवावी लागते. त्याच खिडकीत Texture आणि Clarity च्या पट्ट्याही असतात. त्या उणे केल्या की चेहरा झटक्यात मऊ होतो, म्हणून बरेच जण त्यांना हात घालतात. पण तो ब्लरच आहे, त्याने बारीक पोत दबतो आणि चकाकी जिथे होती तिथेच राहते. त्या दोन्ही शून्यावर ठेवाव्यात.